निकालाच्या दिवशीचे दहा प्रश्न

तालुक्याच्या गावातलं एक महाविद्यालय. दुपारी एक वाजता निकाल लागणार म्हणून सहा हजार विद्यार्थी मोबाइल हातात घेऊन बसले आहेत. एक वाजून एका मिनिटाने साइट बसते. पांढरा पडदा आणि मधे गोल फिरणारं चक्र. ऑफिसात कपाटाशेजारी ठेवलेला एकुलता एक सर्व्हर तापलेला असतो. वर्षातले बाकीचे जवळजवळ सगळे दिवस तोच सर्व्हर रिकामा बसून असतो.

मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. क्लाउडचा विषय सुरू करताना मी व्याख्या सांगत नाही, ही गोष्ट सांगतो आणि तिच्यावर दहा प्रश्न घालतो. महाविद्यालय कल्पित आहे, आकडेही मी धरलेले आहेत. हिशोब वहीच्या पानावर करता यावा इतकाच त्यांचा उद्देश. प्रत्येक प्रश्नात एक तरी चुकीचा पर्याय असा ठेवतो की तो बरोबर वाटावा, कारण मुलांच्या डोक्यात नेमका कुठे गोंधळ आहे ते तिथेच कळतं. वाचकांनी खालचं उत्तर झाकून आधी स्वतः निवड करावी.

प्रश्न 1. महाविद्यालयाने पुण्यातल्या एका कंपनीकडून एक सर्व्हर वर्षभराच्या कराराने भाड्याने घेतला. तो कंपनीच्या इमारतीत आहे आणि इंटरनेटवरून वापरता येतो. निकालाच्या आठवड्यात आणखी चार हवे असतील तर अर्ज करायचा, दहा दिवसांनी ते मिळतात आणि त्यांचंही भाडं वर्षभराचंच. हे क्लाउड आहे का?

अ) हो, कारण सर्व्हर आपल्या इमारतीत नाही
ब) हो, कारण तो इंटरनेटवरून वापरता येतो
क) नाही, कारण हवा तेव्हा लगेच घेता येत नाही आणि काम झाल्यावर परत देता येत नाही
ड) नाही, कारण सर्व्हर आपल्याच राज्यात आहे

बहुतेक मुलं ‘ब’ लिहितात. ‘क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उत्तर ‘क’.

लग्नाला भांडी लागतात तेव्हा आपण बिछायत केंद्रातून पातेली आणतो, दुसऱ्या दिवशी घासून परत करतो आणि एका दिवसाचं भाडं देतो. तीच पातेली वर्षभरासाठी घ्या असं कुणी सांगितलं तर ती परवडणारच नाहीत. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2011 मध्ये क्लाउडची जी व्याख्या केली, तिच्यात पाच खुणा दिल्या आहेत. माणसाला न विचारता स्वतःच घेता येणं, नेटवर्कवरून वापरता येणं, एकच साठा अनेकांनी वाटून घेणं, झटपट वाढवता-कमी करता येणं आणि वापर मीटरवर मोजला जाणं. वरच्या कराराला यातली नेटवर्कची खूण लागू पडते. स्वतः घेणं, झटपट वाढवणं आणि मीटर या तिन्ही नाहीत. असे भाड्याचे सर्व्हर क्लाउडच्या आधीपासून मिळत होते.

प्रश्न 2. महाविद्यालयाने क्लाउडवर 2 कोअर आणि 4 जीबी मेमरीची एक ‘मशीन’ घेतली. प्रत्यक्षात त्यांना काय मिळालं?

अ) तेवढ्याच ताकदीचा एक छोटा स्वतंत्र संगणक
ब) एका मोठ्या सर्व्हरमधला सॉफ्टवेअरने वेगळा केलेला वाटा
क) अनेक छोट्या संगणकांची बेरीज
ड) फक्त फाइली ठेवायची जागा

उत्तर ‘ब’. मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायजर नावाचं सॉफ्टवेअर चालतं. ते प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून देतं, आणि प्रत्येक वाटेकऱ्याला वाटतं की सगळा संगणक आपलाच. जुन्या वाड्यात एकेका भाडेकरूला खोल्या, वेगळं कुलूप आणि वेगळं विजेचं मीटर असायचं, तसं. कल्पना नवी नाही. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी 1972 मध्येच व्हीएम/370 ही अशी व्यवस्था आणली होती.

प्रश्न 3. त्या मशीनवर लिनक्स आहे. लिनक्समध्ये एक धोकादायक दोष सापडला आणि दुरुस्तीचं अपडेट आलं. ते आपल्या मशीनवर चढवायची जबाबदारी कुणाची?

अ) क्लाउड कंपनीची
ब) लिनक्स बनवणाऱ्यांची
क) महाविद्यालयाची
ड) कुणाचीच नाही, ते आपोआप होतं

‘भाडं भरतो मग दुरुस्ती मालकाची’ असा विचार करून मुलं ‘अ’ निवडतात. उत्तर ‘क’ आहे, आणि ते आपण कुठल्या प्रकारची सेवा घेतली यावर ठरतं.

नुसती मशीन भाड्याने घेतली तर त्या प्रकाराला इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस म्हणतात. इमारत, वीज, लोखंड आणि हायपरव्हायजर कंपनीचं. लिनक्सपासून वरचं सगळं आपलं. समजा आपण फक्त निकालाच्या साइटचा कोड दिला आणि तो चालवायला लागणारी लिनक्सची सोय कंपनीनेच सांभाळली, तर ते प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस. तिथे हे अपडेट कंपनीचं काम. आपल्या कोडमधली चूक मात्र आपलीच. आणि निकाल लावायचं तयार सॉफ्टवेअरच वर्गणी भरून वापरलं, गुण भरले आणि बटण दाबलं, तर ते सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस. तिथे आपल्याकडे उरतं ते कुणाला कुठलं खातं द्यायचं आणि गुण बरोबर भरायचे.

परीक्षेत ही तीन नावं पाठ करून लिहिता येतात. मी मुलांना त्याऐवजी एकच विचारतो, रात्री दोन वाजता ही गोष्ट बिघडली तर फोन कुणाचा वाजेल? ज्याचा वाजेल, तो थर त्याचा.

पुढचे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून ते एकत्र घेतो. आधी हिशोब. सहा हजारांपैकी चार हजार विद्यार्थी पहिल्या दोन मिनिटांत येतात असं धरू. निकाल बघेपर्यंत प्रत्येकाचा मोबाइल सर्व्हरकडे साधारण सहा मागण्या पाठवतो: पहिलं पान, चित्रं, बैठक क्रमांकाची चौकट, निकाल. म्हणजे 24,000 मागण्या 120 सेकंदांत, सेकंदाला 200. आपली एक मशीन चाचणीत सेकंदाला 50 मागण्या पुऱ्या करते.

प्रश्न 4. हा भार पेलायला सर्वांत योग्य उपाय कोणता?

अ) एकच, पण चौपट ताकदीची मशीन
ब) लोड बॅलन्सरच्या मागे तशाच पाच मशीन
क) इंटरनेटची जास्त वेगाची लाइन
ड) जास्त मोठी डिस्क

प्रश्न 5. पाच मशीन कायम ठेवायला नकोत म्हणून नियम लावला: ‘प्रोसेसर 70 टक्क्यांवर गेला की आपोआप मशीन वाढव.’ एक वाजता निकाल लागला. पुढे काय झालं?

अ) गर्दी होताच मशीन वाढल्या, साइट टिकली
ब) नव्या मशीन तयार होईपर्यंत पहिली लाट येऊन साइट बसली होती
क) काहीच झालं नाही, कारण हा नियम फक्त डिस्कला लागतो
ड) चालू मशीन आधी बंद झाली आणि मग मोठी होऊन परतली

दोन्हींची उत्तरं ‘ब’. सेकंदाला 200 मागण्या येतात आणि 50 पुऱ्या होतात, तेव्हा दर सेकंदाला 150 रांगेत पडतात. दहा सेकंदांनी रांग 1,500 ची होते. तिच्या शेवटी उभ्या असलेल्याला 30 सेकंद थांबावं लागेल. पण निकालाच्या दिवशी कोण तीस सेकंद थांबतं? विद्यार्थी पाचव्या सेकंदाला रिफ्रेश करतो. त्याची जुनी मागणी रांगेत तशीच राहते आणि मागे नवी येऊन उभी राहते. सर्व्हर आता निघून गेलेल्या लोकांसाठी पानं तयार करत बसतो. म्हणून साइट नुसती हळू होत नाही, बसते. एनजिनेक्स नावाचा वेब सर्व्हर वापरत असाल तर ही अवस्था लॉगमध्ये स्पष्ट दिसते: `499` या कोडच्या ओळींची रांग लागते. समोरच्याने उत्तर मिळायच्या आधीच जोडणी तोडली, असा त्याचा अर्थ.

हिशोबाने चार मशीन पुरतात, मग पाच का? चारही पूर्ण भरलेल्या असताना एक पडली तर उरलेल्या तिघींवर पुन्हा रांग सुरू होते. पाचातली एक पडली तर चौघी 200 पेलतात. खिडकी मोठी करण्यापेक्षा खिडक्या वाढवाव्यात, आणि लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला मोकळ्या खिडकीकडे पाठवणारा माणूस. चौथ्या प्रश्नातला ‘अ’ हा पर्याय टाकाऊ नाही, हेही सांगायला हवं. डेटाबेससारखी गोष्ट पाच जागी विभागणं अवघड असतं, तिथे लोक आधी मोठी मशीनच घेतात. पण त्यासाठी बहुधा मशीन बंद करून चालू करावी लागते, आकाराला वरची मर्यादा असते आणि ती एक पडली की सगळं पडतं.

आता आपोआप वाढण्याचा नियम. हुशार मुलं इथेच चुकतात, कारण नियम चांगला आहे पण प्रसंग चुकीचा आहे. घड्याळ लावून बघा. 1:00 वाजता लाट आली. वापराचं मोजमाप मिनिटाला एकदा होतं, म्हणजे पहिला मोठा आकडा 1:01 ला. एका आकड्यावर घाबरू नये म्हणून नियम सलग दोन आकडे बघतो, 1:02. मग नवी मशीन उठते, लिनक्स सुरू होतं, आपला कोड चढतो, लोड बॅलन्सर तिची तपासणी करून तिला रांगेत घेतो, 1:04. पहिली लाट दोन मिनिटांची होती. प्रवेश अर्जांची गर्दी सकाळपासून हळूहळू चढते, तिथे हाच नियम उत्तम चालतो. निकालाची वेळ मात्र आपणच जाहीर केलेली असते, तेव्हा दुपारी साडेबाराला चार मशीन वाढव आणि साडेचारला काढ असं वेळापत्रकच लावावं. क्लाउडवर तीही सोय असते.

प्रश्न 6. पाच मशीन लावल्या. आता विद्यार्थी बैठक क्रमांक आणि पासवर्ड टाकून आत जातो, पुढच्या पानावर क्लिक करतो आणि पुन्हा पासवर्डचं पान येतं. सगळ्यांना नाही, काहींना, आणि मधूनमधून. कारण काय?

अ) पासवर्ड चुकतोय
ब) लॉगिनची नोंद एका मशीनच्या मेमरीत आहे आणि पुढची मागणी दुसऱ्या मशीनकडे जाते
क) मोबाइलचं नेट मधे तुटतं
ड) लोड बॅलन्सर पासवर्ड पुसतो

उत्तर ‘ब’, आणि या दहांतला माझा सर्वांत आवडता प्रश्न हाच, कारण इथे विद्यार्थ्याला पहिल्यांदा जाणवतं की एका मशीनवर बरोबर चालणारा कोड पाच मशीनवर चुकू शकतो. पहिल्या खिडकीवरच्या कारकुनाने तुमचं नाव स्वतःच्या वहीत लिहिलं; दुसऱ्या खिडकीवर गेलात तर तिथल्या वहीत तुम्ही नाही. ‘मधूनमधून’ हा शब्दच या दोषाची खूण आहे. एक मशीन सोडून बाकीच्या बंद केल्या की तक्रार थांबते, याने निदान पक्कं होतं. उपाय असा, की वही सगळ्यांची एक करायची: लॉगिनची नोंद सगळ्या मशीनना पोहोचता येईल अशा सामायिक जागी ठेवायची. मग कुठलीही मशीन कुठल्याही विद्यार्थ्याला उत्तर देऊ शकते आणि एखादी पडली तरी कुणी बाहेर फेकलं जात नाही. अशा मशीनना स्टेटलेस म्हणतात. एका विद्यार्थ्याला त्याच त्या मशीनकडे बांधून ठेवायची सोय बऱ्याच लोड बॅलन्सरमध्ये असते. तिने तक्रार तात्पुरती थांबते, पण ती मशीन पडली की तिचे सगळे विद्यार्थी पुन्हा दारात.

एवढं करूनही साइट हळू चालली तर डेटाबेसकडे बघा. पाच खिडक्या उघडल्या, पण पाचही कारकून मागच्या एकाच कपाटातून फाइल काढत असतील तर रांग कपाटापाशी लागते. वेब मशीनचा प्रोसेसर 20 टक्क्यांवर आणि डेटाबेसचा 100 वर दिसला की समजावं. इथे एक सोपी वाट आहे. जाहीर झालेला निकाल दुपारभर बदलत नाही. मग प्रत्येक वेळी डेटाबेसला कशाला विचारायचं? आदल्या रात्री सहा हजार गुणपत्रिकांच्या पीडीएफ तयार करून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी फक्त वाटाव्यात.

त्या ठेवायच्या कुठे? क्लाउडवर यासाठी ऑब्जेक्ट स्टोरेज असतं. त्यात प्रत्येक फाइलला एक नाव असतं आणि त्या नावाने ती वेबवरून थेट मागता येते. मधे आपली मशीन लागतच नाही. ॲमेझॉनने 2006 च्या मार्चमध्ये एस3 नावाने ही सेवा उघडली. पण इथे एक खड्डा आहे.

प्रश्न 7. गुणपत्रिका ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. नावं `marksheet/2041.pdf`, `marksheet/2042.pdf` अशी. एका विद्यार्थ्याने आपल्या पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याचे गुण पाहिले. दोष कुणाचा?

अ) क्लाउड कंपनीचा, तिने माहिती सुरक्षित ठेवली नाही
ब) महाविद्यालयाचा, परवानगी त्याने चुकीची दिली
क) विद्यार्थ्याचा, त्याने हॅकिंग केलं
ड) कुणाचाच नाही, फाइली एन्क्रिप्ट केल्या असत्या तर हे टळलं असतं

उत्तर ‘ब’. कंपनीने दाराला कुलूप दिलं होतं, महाविद्यालयाने दार उघडं ठेवलं. जबाबदारीच्या वाटणीचा तिसऱ्या प्रश्नातलाच मुद्दा इथे पुन्हा येतो. क्लाउड कंपनी स्वतःच्या इमारती आणि यंत्रणा सांभाळते, पण आपल्या फाइली कुणाला दाखवायच्या हे आपण ठरवतो आणि ती ते निमूट पाळते. ‘ड’ हा पर्याय फार फसवा आहे. डिस्कवर फाइल एन्क्रिप्ट केलेली असली तरी परवानगी असलेल्या माणसाला ती सेवा उघडूनच देते, आणि इथे परवानगी साऱ्या जगाला होती. डिस्क चोरीला गेली तर एन्क्रिप्शन कामाला येतं, दार उघडं असेल तर नाही.

अशा चुका इतक्या होऊ लागल्या की ॲमेझॉनने 2023 च्या एप्रिलपासून नव्या बकेटना, म्हणजे फाइलींच्या पेट्यांना, सर्वांसाठी खुलं होण्यापासून रोखणारी अडसर मुळातच लावून द्यायला सुरुवात केली. खुली करायची तर मुद्दाम करावी लागते. आपल्या महाविद्यालयासाठी बरोबर वाट अशी: पेटी बंदच ठेवायची, विद्यार्थ्याने लॉगिन केलं की साइटने त्याच्या एका फाइलीपुरता, दहा मिनिटांनी बाद होणारा पत्ता तयार करून द्यायचा. त्या पत्त्यावर सही असते, आकडा बदलला की सही जुळत नाही आणि फाइल मिळत नाही. साइट सोडण्याआधी स्वतः आकडा बदलून बघावा. नकाराचा `403` आला तर दार बंद आहे.

प्रश्न 8. गुणांचा डेटाबेस मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. इमारतीला लागलेली आग आणि कारकुनाने चुकून पुसलेला तक्ता, या दोन्ही आपत्तींतून वाचवणारा उपाय कोणता?

अ) त्याच मशीनमधल्या दुसऱ्या डिस्कवर नक्कल
ब) दुसऱ्या इमारतीतल्या डेटाबेसवर क्षणोक्षणी होणारी नक्कल
क) दुसऱ्या शहरात रोज रात्री प्रत, मागच्या तीस दिवसांच्या प्रती राखून
ड) काही नको, क्लाउडवरची माहिती जात नाही

दरवर्षी कुणीतरी पूर्ण विश्वासाने ‘ड’ लिहितं. त्यांना मी स्ट्रासबर्गची गोष्ट सांगतो. फ्रान्समधल्या या शहरात ओव्हीएच कंपनीची डेटा सेंटर आहेत. 10 मार्च 2021 च्या रात्री तिथल्या पाच मजली एसबीजी2 या इमारतीला आग लागली. इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी1 चाही काही भाग गेला आणि आवारातल्या उरलेल्या इमारतींची वीज बंद करावी लागली. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. पण ज्या ग्राहकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांच्यातल्या कित्येकांकडे काही उरलं नाही. ‘रस्ट’ हा ऑनलाइन खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की युरोपातल्या त्यांच्या 25 सर्व्हरवरची माहिती परत मिळणार नाही.

‘अ’ तर आगीतच जळतो. ‘ब’ आगीतून वाचवतो, पण कारकुनाने तक्ता पुसला की पुढच्या क्षणी तो दुसरीकडेही पुसला जातो. नक्कल आज्ञाधारक असते. ‘क’मध्ये दोन्हींवर उत्तर आहे. त्याची किंमत अशी, की आग दुपारी लागली तर त्या दिवशी सकाळपासून भरलेले गुण जातील, कारण शेवटची प्रत काल रात्रीची. तेवढं नुकसान सोसायचं नसेल तर ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही हवेत.

इथे दोन शब्द लागतात. रीजन म्हणजे साधारण एक शहर किंवा त्याचा परिसर, आणि त्यातल्या वीज-नेटवर्क वेगळं असलेल्या इमारतींचे गट म्हणजे अव्हेलेबिलिटी झोन. ॲमेझॉनचं मुंबई रीजन 2016 मध्ये सुरू झालं, पडद्यावर त्याचं नाव `ap-south-1`. हैदराबादचं `ap-south-2` 2022 मध्ये आलं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरचं एक रीजन पुण्यात आहे. तेव्हा मुंबईची प्रत हैदराबादला ठेवणं हे काही फार मोठं काम नाही. त्याहून कठीण आणि कायम राहून जाणारं काम म्हणजे ती प्रत सत्रातून एकदा खरोखर उघडून, रिकाम्या डेटाबेसवर चढवून, दहा विद्यार्थ्यांचे गुण मूळ कागदाशी ताडून बघणं. परत न चढणारी प्रत आपत्तीच्या दिवशीच सापडते.

प्रश्न 9. सेवा महिन्यात 99.9 टक्के वेळ चालू राहील असं करारात लिहिलं आहे. तीस दिवसांच्या महिन्यात ती किती वेळ बंद राहिली तरी करार मोडत नाही?

अ) एक मिनिटही नाही
ब) सुमारे 4 मिनिटं
क) सुमारे 43 मिनिटं
ड) सुमारे 7 तास

तीस दिवस म्हणजे 43,200 मिनिटं, त्याचा हजारावा भाग 43. उत्तर ‘क’. 4 मिनिटं हवी असतील तर 99.99 लागतात आणि 7 तास म्हणजे 99. पण आपली साइट एकाच सेवेवर उभी नसते. लोड बॅलन्सर, मशीन आणि डेटाबेस, तिघंही 99.9 ची हमी देणारे आणि तिघंही चालू असले तरच निकाल दिसतो:

```
0.999 × 0.999 × 0.999 ≈ 0.997
```

म्हणजे महिन्याला जवळजवळ 130 मिनिटं. साखळी लांबते तशी हमी पातळ होते. शिवाय ती 43 मिनिटं कधीची हे करार सांगत नाही. निकालाच्या दुपारचीही असू शकतात. करार मोडला तर साधारणपणे बिलात सूट मिळते, निकालाची दुपार परत मिळत नाही.

ही साखळी किती अनपेक्षित असू शकते ते 28 फेब्रुवारी 2017 ला दिसलं. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एस3 च्या बिलिंगमधला दोष शोधताना एका आज्ञेत चुकीची किंमत टाइप झाली आणि ठरवलेल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. सेवा पूर्ववत व्हायला चारेक तास लागले, आणि तिच्यावर टेकलेल्या असंख्य साइट थांबल्या. ‘आमच्या सेवा चालू आहेत की नाहीत’ हे सांगणारं ॲमेझॉनचं पानसुद्धा बराच वेळ बदलता आलं नाही, कारण तेही एस3 वरच अवलंबून होतं.

प्रश्न 10. निकाल पार पडला. वेळापत्रकाऐवजी यंदा कुणीतरी हाताने जादाच्या चार मशीन ‘स्टॉप’ केल्या. पुढच्या महिन्याच्या बिलात त्या चारींचा खर्च तरी दिसतोच. का?

अ) बिलात चूक आहे
ब) बंद मशीनच्या डिस्क आणि राखून ठेवलेले पत्ते अजून आपल्या नावावर आहेत
क) बंद मशीनलाही पूर्ण भाडं लागतं
ड) विद्यार्थी अजून निकाल बघत आहेत

उत्तर ‘ब’. मशीन थांबवली की प्रोसेसर आणि मेमरी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, म्हणून त्यांचं मीटर थांबतं. डिस्कवर मात्र आपली माहिती आहे, ती जागा दुसऱ्याला देता येत नाही. भाडेकरू गावाला गेला तरी त्याचं सामान खोलीत असेल तर खोली रिकामी झाली असं होत नाही. इंटरनेटवरचा राखीव पत्ताही तसाच. ॲमेझॉन तर फेब्रुवारी 2024 पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्याचे तासावर पैसे घेतं, वापरात असो वा नसो.

सोपे दर धरून हिशोब करू: मशीन तासाला 5 रुपये, डिस्क महिन्याला जीबीमागे 8 रुपये, प्रत्येक मशीनला 50 जीबी. साडेबारा ते साडेचार, चार तास, चार जादा मशीन: 80 रुपये. निकालाच्या दुपारसाठी एवढंच लागलं. त्याच चार मशीन बंद करायला विसरलो तर महिन्याचे 14,400. नुसत्या ‘स्टॉप’ करून ठेवल्या तर 200 जीबी डिस्कचे 1,600, दर महिन्याला, कुणाच्या लक्षात येईपर्यंत.

बाहेर जाणाऱ्या माहितीचेही पैसे लागतात, आणि तिथे अंदाज हमखास चुकतो. 200 केबीच्या सहा हजार गुणपत्रिका म्हणजे सव्वा जीबीसुद्धा नाही, ती काळजी सोडा. पण त्याच पेटीत कुणी स्नेहसंमेलनाचा 500 एमबीचा व्हिडिओ ठेवला आणि तो दोन हजार वेळा पाहिला गेला, तर 1,000 जीबी बाहेर गेले. जीबीला 9 रुपये धरले तरी 9,000.

बिलाची मर्यादा ओलांडली की ईमेल येईल अशी सूचना लावता येते आणि पहिल्या दिवशीच लावावी. पण तिच्यावर विसंबू नये, कारण नुसती सूचना खर्च थांबवत नाही, फक्त कळवते. निकालाच्या संध्याकाळी चारही मशीन ‘टर्मिनेट’ कराव्यात, त्यांच्या डिस्क सोबत गेल्या का ते डिस्कच्या यादीत जाऊन बघावं, राखीव पत्ते सोडून द्यावेत. मग दोन दिवसांनी डिस्कची यादी पुन्हा उघडावी. तिथे 50 जीबी दिसले तर फक्त कायमची मशीन उरली आहे. 250 दिसले तर त्या चारींच्या डिस्क अजून तिथेच आहेत.